द्विबिंदू सीमामूल्य प्रश्न: सांत-अंतर मांडणी आणि त्रिकर्णी समीकरणसंच

ज्या अवकल समीकरणाच्या अटी अंतराच्या दोन्ही टोकांना दिलेल्या असतात, त्याला द्विबिंदू सीमामूल्य प्रश्न म्हणतात. एका टोकापासून पावलापावलाने पुढे सरकत तो थेट सुटत नाही, कारण सुरुवातीला लागणारी अर्धी माहिती दुसऱ्या टोकाला असते. सांत-अंतर पद्धतीत अंतरावर समान अंतराचे बिंदू घेतात, प्रत्येक बिंदूपाशी अवकलजाच्या जागी शेजारच्या किमतींतील फरक ठेवतात आणि सगळ्या बिंदूंची समीकरणे एकदम सोडवतात.

मोटारसायकलच्या इंजिनावर उष्णता बाहेर टाकण्यासाठी पट्ट्या असतात. अशा एका पट्टीचे स्थिर तापमान हे या पद्धतीचे सोयीचे उदाहरण आहे. लांबी व तापमान मापनिरपेक्ष केले आणि उष्णता-वहनाचा गुणांक १ येईल अशी पट्टी निवडली, तर `u'' = u`, `u(0) = 1`, `u'(1) = 0` असा प्रश्न मिळतो. `u` म्हणजे हवेपेक्षा जास्त असलेले तापमान. मुळाशी ते १ आहे आणि टोकातून उष्णता बाहेर पडत नाही असे धरले आहे. याचे अचूक उत्तर `cosh(1-x)/cosh(1)` असल्यामुळे आपली त्रुटी नेमकी मोजता येते.

अंतराचे चार भाग केले की `h = 1/4`. टेलर श्रेणीवरून दुसऱ्या अवकलजासाठी `(u[i-1] - 2u[i] + u[i+1])/h²` हे रूप मिळते आणि त्यातली त्रुटी `h²` च्या प्रमाणात असते. समीकरणाला `-h²` ने गुणले की आतल्या प्रत्येक बिंदूपाशी `-u[i-1] + (2+h²)u[i] - u[i+1] = 0` उरते. इथे `2+h²` म्हणजे २.०६२५. मुळाशी `u0 = 1` माहीत असल्याने पहिल्या ओळीतले `-u0` उजवीकडे जाते आणि तिथे +१ होते. हाताने मांडताना चिन्हाची चूक बहुतेक वेळा याच ठिकाणी होते.

टोकाकडे मात्र जपून जावे लागते. तिथे `u'(1) = 0` साठी `(u4 - u3)/h = 0` लिहिण्याचा मोह होतो. त्या फरकाचा उतार `x = 1` चा नसून मधल्या ०.८७५ या बिंदूचा असतो, म्हणजे नकळत पट्टी अर्ध्या पावलाने आखूड झालेली असते. त्याऐवजी टोकापलीकडे एक काल्पनिक बिंदू `u5` घ्यावा. मध्य-फरकाने `(u5 - u3)/(2h) = 0`, म्हणून `u5 = u3`. आता आतले समीकरण चौथ्या बिंदूलाही लावले की `-2u3 + 2.0625u4 = 0` मिळते आणि काल्पनिक बिंदू नाहीसा होतो. पूर्ण संच असा:

```
2.0625 u1 -        u2                         = 1
      -u1 + 2.0625 u2 -        u3             = 0
                  -u2 + 2.0625 u3 -        u4 = 0
                           -2  u3 + 2.0625 u4 = 0
```

प्रत्येक ओळीत कर्ण आणि त्याचे दोन शेजारी एवढेच अंक आहेत, म्हणून मॅट्रिक्स त्रिकर्णी. शेवटच्या ओळीला २ ने भागले तर ती सममितही होते.

असा संच सोडवण्याच्या छोटेखानी निरसनाला १९४९ मध्ये ते मांडणाऱ्या ल्यूएलिन थॉमस यांचे नाव पडले आहे. हे गाउसचे निरसनच आहे, फक्त शून्यांवर वेळ घालवत नाही. `a`, `b`, `c` हे खालचा कर्ण, मुख्य कर्ण आणि वरचा कर्ण; `d` उजवी बाजू.

```python
for i in range(1, n):
    m = a[i] / b[i-1]
    b[i] -= m * c[i-1]
    d[i] -= m * d[i-1]
u[n-1] = d[n-1] / b[n-1]
for i in range(n-2, -1, -1):
    u[i] = (d[i] - c[i]*u[i+1]) / b[i]
```

वरच्या संचात पुढे जाताना कर्णावर २.०६२५, १.५७७६५, १.४२८६५ आणि ०.६६२५७ येतात, उजव्या बाजूला १, ०.४८४८५, ०.३०७३२ आणि ०.४३०२३. शेवटच्या जोडीच्या भागाकाराने `u4 = 0.64933`. मग मागे येत ०.६६९६२, ०.७३१७७ आणि ०.८३९६४. टोकाची अचूक किंमत ०.६४८०५ असल्याने तिथली त्रुटी ०.००१३ आहे. आखूड पट्टीच्या मांडणीने तेच टोक ०.७१६९६ येते, म्हणजे त्रुटी ०.०६८९, पन्नासपटीहून जास्त. आतली सगळी समीकरणे दोन्हीकडे अगदी तीच आहेत. बिघाड फक्त एका ओळीतला आहे.

अचूक उत्तर माहीत नसताना असा बिघाड ओळखायचा तर पाऊल निम्मे करत जावे. `h = 1/8` घेतल्यावर काल्पनिक बिंदूच्या मांडणीची त्रुटी ०.००१२७७ वरून ०.०००३२१ वर येते, जवळजवळ चौथाई. दुसऱ्या मांडणीची ०.०६८९ वरून ०.०३२६, म्हणजे साधारण निम्मीच. प्रत्यक्षात `h`, `h/2`, `h/4` अशा तीन उत्तरांतील लागोपाठचे फरक पाहतात. त्यांचे गुणोत्तर ४ च्या जवळ हवे. ते २ च्या आसपास रेंगाळले, तर पहिला संशय सीमेवरच घ्यावा.

थॉमसची रीत ओळींची अदलाबदल करत नाही. आपल्या उदाहरणात ते चालते, कारण कर्णावरचा २.०६२५ हा शेजाऱ्यांच्या बेरजेपेक्षा मोठा आहे आणि पुढे जाताना भाजक शून्याजवळ जात नाहीत. समीकरणाचे चिन्ह बदलून `u'' = -16u` घेतले आणि दोन्ही टोकांना किमती दिल्या, तर `h = 1/4` ला कर्णावर `2 - 16h² = 1` येतो. पहिला भाजक १, दुसरा `1 - 1 = 0`, आणि गणित तिथेच थांबते. मॅट्रिक्स मात्र निर्दोष आहे आणि उत्तर एकमेव आहे. अशा वेळी अदलाबदल करणारा सोडवणारा वापरावा, उदा. LAPACK मधील `dgtsv`. SciPy मध्ये `solve_banded((1, 1), ab, d)` आहे. तिथे वरचा कर्ण `ab[0, 1:]` मध्ये भरायचा असतो. तो `ab[0, 0]` पासून भरला तर कोणतीही तक्रार न होता चुकीचे उत्तर येते. वरचा छोटा कोडसुद्धा एकदा फसवतो: तो `b` आणि `d` यांवरच लिहितो, त्यामुळे त्याच सरणी दुसऱ्यांदा वापरल्या की उत्तर बिघडते.

बिंदू वाढवायला खर्च फारसा नाही. काम आणि साठवण दोन्ही `n` च्या प्रमाणात वाढतात. दहा लाख अज्ञातांना ८ बाइटच्या काही सरण्या पुरतात, तर पूर्ण मॅट्रिक्स साठवायला ८ टेराबाइट लागतील. तरीही पाऊल वाटेल तेवढे लहान करता येत नाही. ३२ बिटांच्या अंकात २ च्या पुढचा अंक सुमारे ०.००००००२४ अंतरावर असतो. पाच हजार भाग केले तर `h²` ०.०००००००४ होतो आणि `2+h²` ची बेरीज थेट २ च येते. हवेत जाणारी उष्णता गणितातून गळून पडते, संगणकासमोर `u'' = 0` चा संच उरतो आणि त्याच्या अचूक उत्तरात पट्टी टोकापर्यंत मुळाइतकीच गरम असते. ६४ बिटांत ही वेळ खूप उशिरा येते, पण अंक तोडल्याची त्रुटी पाऊल लहान होताना साधारण `1/h²` ने वाढू शकते. म्हणून दहा हजार भागांच्या पुढे गेल्यावर अचूकता वाढण्याची खात्री उरत नाही. जास्त अंक हवे असतील तर दोन जाळ्यांची उत्तरे मिसळणे स्वस्त पडते. `(4 × 0.648375 - 0.649331)/3` हे ०.६४८०५६ देते, आठ भागांवर थेट काढलेल्या उत्तरापेक्षा त्याची त्रुटी शंभरपटीहून कमी आहे.