चार मीटरच्या आत बसवलेली डिकी

सोलापुरात स्टँडबाहेर टॅक्सीच्या रांगेत जरा वेळ उभं राहिलं की एक गोष्ट लक्षात येते, गाड्या बहुतेक सेडानच पण त्यांचं मागचं शेपूट एकदम आखूड, छप्पर मात्र उंच, जणू हॅचबॅकला मागून पेटी चिकटवलीय. हे असं का झालं त्याची गोष्ट २००६ च्या बजेटपासून सुरू होते.

त्याआधी प्रकार कसे ओळखायचे ते बघू, कारण नावावरून फसायला होतं. मागं जाऊन डिकी उघडायची आणि काचेकडं बघायचं. काच जागेवर राहिली आणि फक्त पत्रा वर आला तर सेडान, काचेसकट अख्खं दार छपरातल्या बिजागरीवर वर गेलं तर हॅचबॅक. म्हणून पहिली ऑक्टाव्हिया दिसायला पक्की सेडान असूनही या हिशोबात हॅचबॅकच, तिची काच दारासोबत वर जाते. छप्पर सरळ शेवटपर्यंत गेलं आणि मागच्या दाराच्या पुढं अजून एक काच आली की इस्टेट. छप्पर लवकर उतरायला लागलं की कूपे, हा शब्द फ्रेंच, घोडागाडीच्या काळातला, अर्थ 'कापलेली'. क्रॉसओव्हर म्हणजे कारच्याच सांगाड्यावर उंच छप्पर, उंच बसणं आणि मागं हॅचचं दार.

आपल्याकडं एकाच गाडीत यातले तीन प्रकार बघायला मिळाले. टाटानं १९९८ मध्ये इंडिका आणली, हॅचबॅक. २००२ मध्ये तिलाच मागं डिकी जोडून इंडिगो, आणि २००४ मध्ये छप्पर मागंपर्यंत ओढून इंडिगो मरीना, म्हणजे इस्टेट. सामानाच्या दृष्टीनं मरीना या तिघींत सगळ्यात कामाची गाडी होती असं माझं ठाम मत, पण इस्टेट आपल्याकडं कधी चाललीच नाही, लोकांना वेगळी उठून दिसणारी डिकी हवी असायची.

मग २००६ चं बजेट आलं. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलला १२०० सीसी, डिझेलला १५०० सीसीपर्यंत असेल तर एक्साइज कर २४ टक्क्यांवरून १६ टक्के. सवलत होती छोट्या गाड्यांसाठी, पण नियमात आकार लिहिला होता, प्रकार नाही. टाटानं हे हेरलं आणि २००८ मध्ये इंडिगोचं शेपूट छाटून इंडिगो सीएस आणली, लांबी ३९८८ मिमी. चार मीटरच्या आतली ही पहिली सेडान.

खरा फरक डिझायरमध्ये दिसतो. २००८ ची पहिली डिझायर ४१६० मिमी होती आणि डिकी ४४० लिटर. २०१२ ला नवीन आली ती ३९९५ मिमी, डिकी ३१६ लिटर. म्हणजे १६५ मिमी कापले आणि १२४ लिटर गेले. जिला डिकी जोडून डिझायर बनते ती त्या वेळची स्विफ्ट ३८५० मिमी होती, म्हणजे हॅचबॅकपेक्षा ही सेडान लांब किती, तर १४५ मिमी, वीतभरही नाही! व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, दोघींचा सारखाच २४३० मिमी. मागच्या सीटवर डोकं लागू नये म्हणून छप्पर खाली घेता येत नाही आणि मागं काच उतरायला जागा नाही, म्हणून ते शेपूट तसं दिसतं.

आणि लिटरचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. मागच्या उन्हाळ्यात चुलतभाऊ दुकानातून छोटा कूलर घ्यायला गेला सेडान घेऊन, डिकीत आत जागा होती पण तोंडच लहान, वरून काचेखालचा पत्रा आडवा आणि खाली उंच उंबरा, कूलर काही शिरेना. शेवटी माझी हॅचबॅक नेली, मागची सीट पाडली, आडवा घालून आणला. चादरीचे गठ्ठे मात्र मऊ असतात, दाबून सेडानमध्येही बसतात, आणि सीटमागं बंद राहतात म्हणून बाहेरून दिसत नाहीत, हा सेडानचा खरा फायदा. टॅक्सीत सीएनजीची टाकी बसली की मात्र डिकीत दोन बॅगांपुरतीच जागा उरते आणि तुळजापूरला जाणाऱ्यांचं सामान टपावर जातं.

पुढं त्याच चार मीटरच्या नियमानं क्रॉसओव्हरही वाढवले, २०१३ ची इकोस्पोर्ट, २०१६ ची ब्रेझा, त्यातली ब्रेझा पण बरोब्बर ३९९५ मिमी. ब्रेझाची डिकी ३२८ लिटर, म्हणजे २०१२ च्या डिझायरपेक्षा जास्तच, आणि वर हॅचचं मोठं तोंड, कारण शेपटाला वेगळी लांबी द्यावीच लागत नाही. एक्साइज जाऊन जीएसटी आला तरी चार मीटरची रेघ तिथंच राहिली. सप्टेंबर २०२५ पासून या रेघेच्या आत, इंजिनही त्याच मर्यादेत असेल तर, १८ टक्के आणि बाहेर ४० टक्के, त्यामुळं डिझायर अजूनही ३९९५ मिमीच आहे.