हिटनंतरचा व्हिडिओ का आपटतो?

एखादा व्हिडिओ लाखांत गेला आणि पुढचा पडला, की यूट्यूबर मंडळींची दोनच निदानं ठरलेली असतात: अल्गोरिदमने दाबलं, नाहीतर नजर लागली. कॅमेऱ्याला लिंबू-मिरची बांधायचं तेवढं बाकी राहतं.

व्ह्यूजमध्ये काही भाग चॅनेलच्या कायमच्या ताकदीचा असतो: विषय, मांडणी, नेहमीचे प्रेक्षक. उरलेला त्या दिवसाच्या योगायोगाचा: कुणा मोठ्या माणसाने शेअर केलं, सणाचा मुहूर्त साधला. आपण ज्याला ‘हिट’ म्हणतो तो व्हिडिओ सगळ्यांत वर गेला म्हणून निवडलेला असतो. इतक्या वर तो बहुधा तेव्हाच जातो, जेव्हा योगायोगही जोरात असतो. पुढच्या व्हिडिओला ताकद तीच मिळते, योगायोग मात्र नव्याने ठरतो.

हे आकड्यांत बघू. समजा, एका पाककृतींच्या चॅनेलला एरवी १० हजार व्ह्यूज मिळतात आणि एका व्हिडिओला १० लाख मिळाले. व्ह्यूज पटीत वाढतात, म्हणून उडीही पटीतच मोजायची: १०० पट, म्हणजे दहापटीच्या दोन पायऱ्या. यातला ३० टक्के भाग पुढे टिकतो असं धरू. दोन पायऱ्यांचे ३० टक्के म्हणजे ०.६ पायरी, आणि १० चा ०.६ वा घात जवळपास ४. म्हणजे पुढच्या व्हिडिओकडून अपेक्षा ४० हजारांची. हिटशेजारी हा आकडा केविलवाणा दिसतो, पण नेहमीच्या चौपट आहे! किती भाग टिकतो हे चॅनेलगणिक बदलतं. आपल्या जुन्या व्हिडिओंवरून काढावं लागतं.

इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये उंचीबाबत हेच मांडलं. उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरीच्या वर असलेल्या उंचीतला साधारण दोन तृतीयांश भागच त्यांच्यात उतरतो. गंमत अशी की उलटंही खरं निघालं: खूप उंच मुलांचे आईवडीलही सरासरीच्या जास्त जवळ होते. म्हणून हिटच्या आधीचा व्हिडिओही पाहा. तोही हिटपेक्षा बराच खाली असतो, आणि तेव्हा तर ना नजर लागली होती, ना अल्गोरिदमला राग आला होता.

अर्थात कधीकधी नवे प्रेक्षक टिकतात आणि सरासरीच वर सरकते. ते एका व्हिडिओवरून कळत नाही. हिट वगळून आधीचे दहा आणि नंतरचे दहा व्हिडिओ घ्या, दोन्ही गटांतले आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधल्यांची तुलना करा. मोजणी प्रत्येक व्हिडिओच्या पहिल्या सात दिवसांचीच हवी, नाहीतर जुन्यांना जास्त वेळ मिळाल्याचा फायदा होतो.

पडलेल्या व्हिडिओनंतर थंबनेलची शैली बदलून पुढचा चढला, तर श्रेय लगेच थंबनेलला जातं. पण फार खाली गेलेला आकडा आपोआपही वर येतो. खरी परीक्षा घ्यायची तर नवी शैली कुठल्या व्हिडिओला लावायची हे नाणं उडवून ठरवा, नुसती पडलेल्यानंतरच लावू नका.