सौदा मोडला तर: सर्व्हरलेस पायऱ्या, स्टेट मशीन आणि उलट्या पायरीचा इतिहास

तासगावच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाण्याचा लॉट पडून आहे असं धरू. दिल्लीचा व्यापारी फोनवरच त्यातले 200 बॉक्स घेतो. 15 किलोचा बॉक्स, म्हणजे 3 टन माल. सांगलीतल्या अडत दुकानाच्या सॉफ्टवेअरसमोर आता तीन कामं असतात. कोल्ड स्टोरेजच्या नोंदीत 200 बॉक्स त्याच्या नावे राखायचे, त्याच्याकडून समजा 45,000 रुपये ॲडव्हान्स घ्यायचा आणि ट्रान्सपोर्टकडे गाडी लावायची. गाडी मिळाली नाही तर ॲडव्हान्स परत जायला हवा आणि बॉक्स दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी मोकळे व्हायला हवेत.

आज हे काम ॲमेझॉनच्या लॅम्डा या सर्व्हरलेस सेवेवर, म्हणजे स्वतःचा सर्व्हर न सांभाळता चालणाऱ्या तीन छोट्या फंक्शनमध्ये वाटून त्यांच्यावर एक स्टेट मशीन बसवायची पद्धत आहे. कुठली पायरी कधी चालवायची, चुकली तर पुन्हा किती वेळा करून पाहायची आणि शेवटी कुठे वळायचं, हे सगळं ती मशीन ठरवते. पण घेतलेला ॲडव्हान्स परत करायचं काम तिच्यात आपोआप येत नाही. ते का येत नाही, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

अनेक ठिकाणचे बदल एकदम पक्के करायचे किंवा एकदम रद्द करायचे, यासाठी 1970च्या दशकात टू-फेज कमिटची रीत रूढ झाली. आधी सगळ्यांना विचारायचं, ‘तयार आहात का?’ सगळे हो म्हणाले की पक्कं करायचं. तोवर प्रत्येकाने आपापल्या नोंदीवर कुलूप लावून थांबायचं. बँकेच्या दोन डेटाबेसमध्ये काही मिलिसेकंदांसाठी हे चालतं. आपल्या सौद्यात मात्र ट्रान्सपोर्टवाला संध्याकाळी सांगणार की गाडी आहे की नाही. तोवर अख्ख्या लॉटच्या नोंदीला कुलूप ठेवलं तर दुसऱ्या कुणाचा सौदाच होणार नाही. शिवाय पेमेंट गेटवे आपल्या कुलुपासाठी ताटकळत बसत नाही.

डेटाबेस संशोधक जिम ग्रे यांनी 1981 साली ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे एकतर पूर्ण होणाऱ्या किंवा पूर्ण रद्द होणाऱ्या व्यवहाराच्या कल्पनेवर एक निबंध लिहिला, त्यात जमाखर्चाच्या वहीची आठवण करून दिली आहे. वहीत चुकलेली नोंद खोडत नाहीत. तिच्यावर खूण करून चूक भरून काढणारी नवी नोंद घालतात. आपल्याकडच्या मुनीमजींना हे वेगळं सांगायला नको. नोंद पुसायची नाही, तिच्यासमोर उलट नोंद घालायची, हाच पुढच्या सगळ्या गोष्टीचा पाया आहे.

त्या पायावर 1987 साली हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी ‘सागा’ मांडली. लांबलेलं काम छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये तोडा आणि प्रत्येक तुकडा पूर्ण झाला की लगेच पक्का करा. प्रत्येक तुकड्यासोबत त्याचा परिणाम मिटवणारा उलटा तुकडाही लिहून ठेवा. मध्येच काही बिघडलं तर जेवढे तुकडे पूर्ण झालेत तेवढ्यांचे उलटे तुकडे शेवटाकडून सुरुवातीकडे चालवा. त्यांनी विमानाच्या आरक्षणावरून एक बारकावा दाखवला आहे, आणि तो आजही लोकांच्या हातून निसटतो. जागेचं आरक्षण रद्द करताना आरक्षणाआधीचा आकडा जसाच्या तसा परत लिहून चालत नाही, कारण मधल्या वेळात इतरांनी तिकिटं काढलेली असतात. बेदाण्याचंही तेच. आपण राखले तेव्हा लॉटमध्ये 900 बॉक्स मोकळे होते, म्हणून परत 900 लिहायचे नाहीत. दरम्यान कुणी 150 उचलले असतील तर त्या क्षणी 550 मोकळे असतात आणि त्यात 200 मिळवायचे असतात. उलटी पायरी म्हणजे घड्याळाचे काटे मागे फिरवणं नव्हे. ती पुढच्या दिशेने केलेली नवी कृती असते.

नंतर ही कल्पना एका भाषेतच शिरली. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि बीईए यांनी 2002 साली पुढे आणलेल्या, कामाच्या पायऱ्या लिहायच्या बीपेल या एक्सएमएल भाषेत उलट्या पायरीसाठी कॉम्पेन्सेशन हँडलर नावाची सोयच होती. कुठले भाग पूर्ण झालेत हे इंजिन लक्षात ठेवायचं आणि त्यांचे हँडलर उलट्या क्रमाने चालवायचं. भाषा मात्र बोजड होती आणि इंजिन चालवायला जडशीळ सर्व्हर लागायचे.

सर्व्हरलेसची वाट वेगळ्या दिशेने आली. ॲमेझॉनने 2012 साली सिंपल वर्कफ्लो सर्व्हिस काढली, पण पुढची पायरी ठरवणारा ‘डिसायडर’ प्रोग्राम स्वतः लिहून स्वतःच्या मशीनवर चालू ठेवावा लागायचा. 2014च्या नोव्हेंबरमध्ये लॅम्डा आलं, तेव्हा एक फंक्शन फार तर 60 सेकंद चालायचं. ही मर्यादा आज 15 मिनिटं आहे. एवढ्याशा वेळात सौदा बसत नाही, म्हणून लोकांनी एका फंक्शनमधून दुसरं बोलवायला सुरुवात केली. पहिलं फंक्शन नुसतं वाट पाहत बसायचं आणि त्या बसण्याचंही बिल यायचं. मध्ये काही अडकलं तर कुठे, हे शोधायला प्रत्येक फंक्शनचे लॉग चाळावे लागायचे.

2016च्या डिसेंबरमध्ये ॲमेझॉनची स्टेप फंक्शन्स ही स्टेट मशीन चालवणारी सेवा आली ती या गोंधळावर उपाय म्हणून. स्टेट मशीनची कल्पना मीली आणि मूर यांच्या 1950च्या दशकातल्या कामाची. कुठल्याही क्षणी आपण एका ठरावीक अवस्थेत असतो आणि जे घडतं त्यावरून पुढची अवस्था ठरते. ती आपण जेसनमध्ये लिहायची, आणि सांभाळायची जबाबदारी सेवेकडे. ॲडव्हान्सची पायरी अशी दिसते:

```json
"TakeAdvance": {
  "Type": "Task",
  "Resource": "arn:aws:states:::lambda:invoke",
  "Parameters": {
    "FunctionName": "take-advance",
    "Payload.$": "$"
  },
  "TimeoutSeconds": 60,
  "Retry": [{
    "ErrorEquals": ["Lambda.ServiceException"],
    "IntervalSeconds": 2,
    "MaxAttempts": 3,
    "BackoffRate": 2
  }],
  "Catch": [{
    "ErrorEquals": ["States.ALL"],
    "ResultPath": "$.error",
    "Next": "RefundAdvance"
  }],
  "ResultPath": "$.advance",
  "Next": "BookTruck"
}
```

`Retry` आधी 2, मग 4, मग 8 सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करतं. तेही संपले, किंवा चूक त्या यादीतली नसलीच, तर `Catch` वाट बदलतं. इथे बीपेलची ती सोय दिसत नाही. कुठल्या पायऱ्या पूर्ण झाल्या आणि त्यांची उलटी पायरी कुठली, याचा हिशोब भाषा ठेवत नाही. `RefundAdvance` आणि त्यानंतर `ReleaseStock` या साध्याच अवस्था आहेत आणि त्यांचा उलटा क्रम लिहिणाऱ्याने बाणांनी जोडायचा आहे. माझ्या मते हा सौदा बरा आहे, कारण आकृतीकडे पाहूनच परतीची वाट कळते. जबाबदारी मात्र पूर्ण आपली.

`Catch`मधली `ResultPath` ही ओळ विसरली तर काय चुकलं याची माहिती मूळ इनपुटला पुसून टाकते. मग परताव्याच्या फंक्शनला सौद्याचा नंबरच मिळत नाही. एक्झिक्युशन हिस्टरीमध्ये, म्हणजे मशीनच्या त्या फेरीच्या नोंदीत, त्या पायरीचं इनपुट उघडून पाहिलं की त्यात फक्त `Error` आणि `Cause` दिसतात. तसं दिसलं की दोष इथेच.

आता वरच्या कोडमधलं एक वळण बघा. ॲडव्हान्सची पायरी *चुकली* तर आपण थेट बॉक्स मोकळे करायला जात नाही, आधी परताव्याकडे जातो. सागाच्या मूळ मांडणीत असं नव्हतं. तिथे तुकडा डेटाबेसच्या आत चालायचा. तो फसला की डेटाबेस त्याचे परिणाम स्वतःच मिटवायचा, म्हणून उलट्या पायऱ्या फक्त पूर्ण झालेल्या तुकड्यांच्या. नेटवर्कपलीकडच्या पेमेंट गेटवेबाबत ही खात्री राहत नाही. 60 सेकंदांत उत्तर आलं नाही याचा अर्थ पैसे घेतले गेले नाहीत असा होत नाही. ते घेतले गेले असतील आणि फक्त उत्तर हरवलं असेल. म्हणून ज्या पायरीचा निकाल माहीत नाही, तिचीही उलटी पायरी चालवावी लागते, आणि त्या पायरीला ‘परत करण्यासारखं काही नाही’ हे उत्तर यश म्हणून स्वीकारता आलं पाहिजे.

याहून अवघड प्रसंग पुढे आहे. स्टेप फंक्शन्सने वाट पाहणं सोडलं तरी लॅम्डा थांबत नाही, ते आपल्या स्वतःच्या मुदतीपर्यंत चालत राहतं. समजा गेटवे अडखळतोय. 60व्या सेकंदाला मशीन परताव्याकडे वळते, परताव्याचं फंक्शन शोधतं, पैसे आलेले दिसत नाहीत, ते समाधानाने परत येतं. 75व्या सेकंदाला मागे राहिलेल्या फंक्शनकडून 45,000 रुपये घेतले जातात. सौदा रद्द, बॉक्स मोकळे आणि व्यापाऱ्याचे पैसे दुकानाकडे. मशीनच्या हिस्टरीत सगळं बरोबर दिसतं. ही चूक गेटवेचा रोजचा हिशोब सौद्यांशी ताडून पाहिला तरच सापडते.

यावर दोन गोष्टी कराव्या लागतात. लॅम्डाची मुदत पायरीच्या मुदतीपेक्षा कमी ठेवायची, म्हणजे 60 सेकंदांची पायरी असेल तर फंक्शनला 45 सेकंद. आणि परताव्याच्या फंक्शनने पैसे सापडोत वा न सापडोत, सौद्याच्या नंबरासमोर ‘रद्द’ अशी खूण लिहून ठेवायची. पैसे घेणारं फंक्शन गेटवेकडे जाण्याआधी त्याच जागी ‘घेतोय’ असं लिहितं, पण तिथे ‘रद्द’ नसेल तरच. मागणीसोबत सौद्याचा नंबर ओळख म्हणून गेला आणि गेटवे तो ओळखत असला, तर `Retry`मुळे दोनदा पैसे कापले जाण्याची भीतीही राहत नाही. मागणी गेटवेकडेच अडकून राहिली तर मात्र ही खूणही पुरत नाही. अशा वेळी परताव्याच्या फंक्शनने गेटवेकडून पक्का निकाल येईपर्यंत चूकच परत करायची आणि मशीनला पुन्हा पुन्हा विचारू द्यायचं.

गाडीची पायरी वेगळ्या जातीची. ट्रान्सपोर्टवाला माणूस आहे, तो दुपारी जेवून मग फोन उचलतो. 2019 साली आलेल्या `waitForTaskToken`मुळे मशीन त्याला एक टोकन पाठवून शांत थांबू शकते आणि उत्तर आलं की पुढे सरकते. इथे `TimeoutSeconds` न विसरता घालायचं, समजा 6 तासांचं. ते नसेल तर स्टेप फंक्शन्सचा स्टँडर्ड प्रकारचा वर्कफ्लो एक वर्ष थांबू शकतो आणि 200 बॉक्स तोवर अडकलेले. त्याच वर्षी आलेला एक्सप्रेस प्रकार या कामाचा नाही, त्याची मर्यादा 5 मिनिटांची आहे.

राहिला परताव्याचाच प्रश्न. उलटी पायरी फसली तर तिची उलटी पायरी नसते, ती पूर्णच व्हावी लागते. म्हणून तिथे `Retry` भरपूर ठेवायचं, पण `Catch` मात्र लावायचं नाही. 2023च्या नोव्हेंबरपासून फसलेलं एक्झिक्युशन 14 दिवसांच्या आत फसल्या पायरीपासून पुन्हा चालवता येतं, त्याला रीड्राइव्ह म्हणतात. `Catch`ने चूक पकडून मशीन `Fail` अवस्थेत नेली असेल, तर रीड्राइव्ह त्या `Fail`मध्येच शिरतं आणि पुन्हा फसतं. `Catch` नसेल तर एक्झिक्युशन परताव्यावरच फसतं, ते फसल्याची खबर ॲमेझॉनच्या इव्हेंटब्रिज या सेवेतल्या नियमाने दुकानातल्या माणसाच्या मोबाइलवर पाठवता येते, आणि गेटवे ताळ्यावर आला की तिथूनच परतावा आणि मग बॉक्स मोकळे करणं, दोन्ही पुढे चालतात.