लाल डोळा आणि चमकता डोळा: एकाचा उपाय दुसऱ्याला का चालत नाही

फ्लॅश मारून काढलेल्या एकाच फोटोत मुलीचे डोळे लालभडक दिसतात आणि तिच्या मांडीवरच्या मांजराचे हिरवट पांढरे. दोन्हींचं मूळ एकच, म्हणजे फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असल्यामुळे डोळ्यात शिरलेला प्रकाश आतून परत फिरून सरळ लेन्समध्ये येतो. म्हणून दोन्हींवर ‘रेड आय’चं बटण दाबलं जातं. मुलीचे डोळे सुधारतात, मांजराचे मात्र तसेच राहतात.

फरक प्रकाश कशावरून परततो त्यात आहे. माणसाच्या डोळ्यात तो दृष्टिपटल आणि त्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरावरून येतो, म्हणून लाल दिसतो. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे टॅपेटम नावाचा आरशासारखा थर असतो. तो अंधारात थोडक्या प्रकाशाचा दुसऱ्यांदा उपयोग करून देतो आणि फ्लॅशचा प्रकाश जोरात, हिरवा, पिवळा किंवा निळसर परतवतो. (निळ्या डोळ्यांच्या काही कुत्र्या-मांजरांचे डोळे मात्र माणसासारखे लाल चमकतात. त्यांच्या बाबतीत रंग पाहूनच उपाय ठरवावा.)

आता आकड्यांत पाहू. मुलीच्या डोळ्याच्या बाहुलीतला एक पिक्सेल, ० ते २५५ च्या मापात, लाल २०५, हिरवा ५०, निळा ५५ असा असतो. म्हणजे फक्त लालच वाढलाय. रेड आयचं साधन लाल खाली आणून साधारण हिरव्या-निळ्याच्या पातळीला, ५० च्या आसपास बसवतं, आणि बाहुली गडद राखाडी होते. बाहुलीत चमकणारा फ्लॅशचा पांढरा ठिपका तसाच राहतो, कारण त्यात तिन्ही रंग सारखेच जास्त असतात. डोळा जिवंत दिसतो तो त्या ठिपक्यामुळे.

मांजराच्या बाहुलीत हेच आकडे १८०, २४०, १७० असे येतात. इथे लाल वरचढ नाही, त्यामुळे साधनाला पकडायला काही सापडत नाही. मग रंग काढून टाकावा असं वाटतं, पण उरते ती साधारण २१० ची फिकट राखाडी चकती, आणि मांजर आंधळं दिसतं. मूळ ठिपकाही त्या झगमगाटात बुडालेला असतो. तेव्हा इथे रंग सुधारायचा नसून बाहुली नव्याने भरायची असते.

मुलीसाठी GIMP या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी Ellipse Select ने फक्त बाहुली निवडा आणि मग `Filters > Enhance > Red Eye Removal` उघडा. निवड न करता तेच चालवलं तर ओठ आणि गालही राखाडी पडतात. कडेला लाल कडं राहिलं तर Threshold थोडा हलवून पाहा.

मांजरासाठी मूळ फोटोवर हात न लावता नवा पारदर्शक लेअर घ्या. बाहुली ४० पिक्सेल रुंद असेल तर निवडीला Feather edges २ ते ३ पिक्सेल ठेवा आणि `1a1a1a` रंग भरा. शुद्ध काळा भरला तर फोटोला भोक पाडल्यासारखं दिसतं. आकार जसा आहे तसाच ठेवा. अंधारात मांजराची बाहुली जवळजवळ गोल झालेली असते, तिला उभी चीर करू नका. मग आणखी एका लेअरवर मऊ ब्रशने ५-६ पिक्सेलचा `f2f2f2` ठिपका द्या, दोन्ही डोळ्यांत एकाच दिशेला. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा ठिपका बाहुलीच्या मध्याजवळ पडतो, म्हणून तो कडेला ढकलू नका. शेवटी चकाकी सांडून हिरवट झालेली बुबुळाची आतली कड तपासा. काळ्या बाहुलीभोवती हिरवं कडं उरलं तर काम लगेच उघडं पडतं. मूळ लेअरच्या प्रतीवर तेवढी कड निवडा आणि तिचा रंग `Colors > Saturation` ने कमी करा. Lightroom मध्ये ‘Red Eye’ च्या शेजारीच ‘Pet Eye’ आहे आणि त्यात ठिपका घालायची सोयही आहे, तेव्हा ते असेल तर ही मेहनत वाचते.

एका बाबतीत मात्र दुरुस्ती आधी थांबवावी. लहान मुलाच्या एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरी किंवा पिवळसर चमक दिसली, तर ती मांजरासारखी चमक समजून रंगवून टाकू नका. मूल तिरकं बघत असताना डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेच्या तोंडावरून प्रकाश परतल्यानेही असं होऊ शकतं, पण मोतीबिंदू किंवा रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगाचंही हे लक्षण असतं. वेगवेगळ्या फोटोंत त्याच डोळ्यात ती चमक दिसत असेल, तर मूळ फोटो न बदलता जपून ठेवा आणि ते घेऊन उशीर न करता नेत्रतज्ज्ञांकडे जा.