चित्र धूसर होतं तेव्हा फोन काय ठरवत असतो?

मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी कर्जत सोडून घाटाला लागली की डब्यातल्या मोबाइलवर एक गंमत दिसते. रेंज जाते तेव्हा चालू असलेला व्हिडिओ बराच वेळ स्वच्छ दिसत राहतो. आणि लोणावळ्याजवळ रेंज परत आल्यावर, म्हणजे सगळं सुरळीत व्हायला हवं नेमकं तेव्हा, चित्र धूसर होतं. प्रवासी नेटवर्कच्या नावानं खडे फोडतात. खरं तर तो धूसरपणा म्हणजे फोननं काही वेळापूर्वी, बोगद्याच्या अलीकडे घेतलेल्या निर्णयाचा परिणाम असतो.

हा निर्णय कंपनीचा सर्व्हर घेत नाही, फोनमधलं अ‍ॅप घेतं. सर्व्हरवर एकच व्हिडिओ चार-पाच दर्जांमध्ये तयार करून ठेवलेला असतो आणि प्रत्येक दर्जाचे चार-सहा सेकंदांचे तुकडे पाडलेले असतात. अ‍ॅप सुरुवातीला एक छोटी यादी मागवतं. अ‍ॅपलनं २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीत ही यादी साधी मजकुराची फाइल असते. मधल्या पायऱ्या गाळून ती अशी दिसते:

```
#EXTM3U
#EXT-X-STREAM-INF:BANDWIDTH=300000,RESOLUTION=426x240
240p.m3u8
#EXT-X-STREAM-INF:BANDWIDTH=700000,RESOLUTION=640x360
360p.m3u8
#EXT-X-STREAM-INF:BANDWIDTH=2500000,RESOLUTION=1280x720
720p.m3u8
```

BANDWIDTH पुढचा आकडा म्हणजे त्या दर्जाला सेकंदाला लागणारे बिट. शेवटच्या दोन ओळी सांगतात की ७२०पी हवा असेल तर दर सेकंदाला २५ लाख बिट, म्हणजे अडीच मेगाबिट, आणण्याची तयारी ठेवा. (हे दर उदाहरणापुरते आहेत, प्रत्येक सेवेचे वेगळे असतात, पण साधारण याच घरातले.) सगळ्या दर्जांचे तुकडे एकाच ठिकाणी कापलेले असल्यामुळे एक तुकडा ७२०पीचा आणि पुढचा ३६०पीचा घेतला तरी सांधा जाणवत नाही. म्हणून दर काही सेकंदांनी अ‍ॅपला एकच प्रश्न सोडवायचा असतो: पुढचा तुकडा कोणत्या पायरीवरचा मागू?

अँड्रॉइडवरच्या अनेक अ‍ॅपमध्ये हे काम गूगलचा एक्सोप्लेअर करतो. तो मुक्तस्रोत आहे, त्यामुळे त्याचे नियम कोणालाही वाचता येतात. मला तरी ते वाचताना एखाद्या सावध हिशेबनिसाची आठवण होते. आत्तापर्यंतचे तुकडे किती वेगानं उतरले यावरून तो नेटचा वेग अंदाजतो आणि त्यातला फक्त ७० टक्के भाग खरा मानतो. आणून ठेवलेला पण अजून न दाखवलेला साठा म्हणजे बफर. हा साठा किमान १० सेकंदांचा असल्याशिवाय तो वरची पायरी चढत नाही. साठा २५ सेकंद किंवा त्याहून जास्त असेल तर वेग पडला तरी लगेच खाली उतरत नाही. आणि साठा ५० सेकंदांच्या आसपास गेला की पुढचं आणणं थांबवतो. अ‍ॅप बनवणारे हे आकडे बदलू शकतात, पण मुळात दिलेले आकडे हे.

आता हेच नियम घेऊन घाट चढू. कर्जतला नेटचा वेग ४ मेगाबिट आहे. त्याचे ७० टक्के म्हणजे २.८, म्हणून ७२०पी परवडतो. चार सेकंदांचा तुकडा १० मेगाबिटचा, तो अडीच सेकंदांत उतरतो. चार सेकंदांचा माल अडीच सेकंदांत येतो, म्हणजे प्रत्येक तुकड्यामागे साठा दीड सेकंदानं वाढतो. घाट सुरू होईपर्यंत तो ४० सेकंदांवर पोचला असं धरू.

मग वेग एकदम १ मेगाबिटवर येतो. ७० टक्क्यांच्या हिशेबानं आता ३६०पीच परवडतो. पण साठा २५ च्या वर आहे, म्हणून प्लेअर ७२०पीच मागत राहतो. आता प्रत्येक तुकड्याला १० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात १० सेकंद दाखवून संपतात आणि ४ भरतात. साठा ३४ होतो, मग २८, मग २२. इथे तो २५ च्या खाली आला, आता प्लेअर ३६०पी मागणार. नेमका तेव्हाच मोठा बोगदा आला तर हाताशी २२ सेकंदच उरलेले असतात. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी तेवढ्या वेळात सुमारे ३७० मीटर जाते. बोगदा त्याहून लांब असला की पडद्यावर गोल फिरायला लागतो.

तोच प्लेअर वेग पडल्याबरोबर ३६०पीवर उतरला असता तर? तो तुकडा २.८ मेगाबिटचा, १ मेगाबिटच्या नेटवर २.८ सेकंदांत येणारा. त्याच अर्ध्या मिनिटात साठा घटण्याऐवजी ५० पर्यंत भरला असता आणि गाडीनं ८०० मीटरहून लांब बोगदा चित्र न थांबता पार केला असता. मग असा नियम का केला? कारण बहुतेक वेळा वेग पडतो तो दोन-चार सेकंदांपुरता. प्रत्येक झटक्याला दर्जा खाली-वर झाला तर प्रेक्षक वैतागतो. पुढे बोगदा आहे हे फोनला कळत नाही. तो फक्त मागे काय घडलं एवढंच बघू शकतो.

सुरुवातीच्या कोड्याचं उत्तरही इथेच आहे. निर्णय पुढच्या तुकड्याबद्दल असतो आणि तो तुकडा रांगेत सर्वांत शेवटी उभा राहतो. साठा २२ सेकंदांचा असेल तर आत्ता मागवलेला ३६०पीचा तुकडा २२ सेकंदांनी दिसणार, मध्ये रेंज जाऊन चित्र थांबलं तर आणखी उशिरा. तोवर लोणावळा आलेलं असतं.

रेंज भरपूर असताना काही प्लेअर एक चलाखी करतात: रांगेच्या शेवटचे कमी दर्जाचे तुकडे फेकून देतात आणि तेच चांगल्या दर्जात पुन्हा आणतात. डोळ्यांना बरं वाटतं, पण त्या काही सेकंदांचे पैसे तुम्ही दोनदा मोजलेले असतात.

वेगाच्या अंदाजात मात्र एक खोच आहे. इंटरनेटवरची कोणतीही जोडणी पहिल्या क्षणापासून पूर्ण वेगानं वाहत नाही. आधी सुमारे १५ किलोबाइट पाठवले जातात, पोच आली की ३०, मग ६०, असं दुप्पट होत जातं. २४०पीचा चार सेकंदांचा तुकडा जेमतेम १५० किलोबाइटचा असतो. फोन आणि सर्व्हर यांच्यातली एक फेरी एक दशांश सेकंदाची धरली तर तो चार फेऱ्यांत संपतो, म्हणजे जोडणीला वेग येईपर्यंत काम आटोपलेलं असतं. प्लेअरच्या हिशेबात वेग ३ मेगाबिट दिसतो, मग प्रत्यक्षात नेट २० मेगाबिटचं का असेना. वेग कमी दिसला की छोटा तुकडा मागायचा, आणि छोट्या तुकड्यावर वेग आणखी कमी दिसायचा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये काही व्हिडिओ सेवांमध्ये हे दुष्टचक्र दाखवून दिलं.

दोन वर्षांनी त्यांनीच नेटफ्लिक्सबरोबर वेगळा उपाय करून पाहिला: वेगाच्या अंदाजाला दुय्यम स्थान द्यायचं आणि साठ्याकडे बघून पायरी ठरवायची. नगरपालिकेचं पाणी किती दाबानं येतंय याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा गच्चीवरच्या टाकीत डोकावावं, तसं. टाकी भरत असेल तर वर चढा, उतरत असेल तर खाली या. नेटफ्लिक्सच्या खऱ्या प्रेक्षकांवर केलेल्या या चाचणीत व्हिडिओ अडण्याचं प्रमाण त्या वेळच्या पद्धतीपेक्षा १० ते २० टक्क्यांनी कमी झालं. आता बरेच प्लेअर दोन्ही गोष्टी मिळून बघतात.

आपल्या फोनमध्ये हा साठा बघताही येतो. यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन Stats for nerds सुरू केलं आणि मग चालू व्हिडिओच्या मेनूतून ते निवडलं की व्हिडिओवर Buffer Health अशी ओळ येते. तो सेकंदांतला आकडा घसरत शून्याकडे जायला लागला की समजावं, आता अडणार. तो चांगला असूनही चित्र बराच वेळ धूसर राहत असेल तर दोन शक्यता असतात. एक तर नेटचा वेग खालच्याच पायरीपुरता असतो, नाही तर अ‍ॅपमध्ये कुठेतरी दर्जावर मर्यादा घातलेली असते.

डेटा सेव्हर बहुतेक अ‍ॅपमध्ये हीच मर्यादा घालतो: यादीतल्या वरच्या पायऱ्या प्लेअरला दिसेनाशा करतो. फरक किती पडतो? वरच्या यादीनुसार ७२०पीचा एक तास सुमारे सव्वा अकराशे मेगाबाइट खातो, ३६०पीचा तास सुमारे ३१५. रोजचा दीड जीबीचा पॅक पहिल्या दर्जात एक तास वीस मिनिटं पुरतो, दुसऱ्यात पावणेपाच तास. सहा इंची पडद्यावर मालिका बघणाऱ्याला या दोहोंतला फरक जाणवतो, नाही असं नाही, पण तो साडेतीनपट नक्कीच नसतो. शिवाय वर पाहिलं तसं, घाटात टाकी भरलेली राहते हा फायदा वेगळाच.

खरी गळती होते ती न पाहिलेल्या व्हिडिओची. ७२०पीचा ५० सेकंदांचा साठा सुमारे १५ मेगाबाइटचा असतो. व्हिडिओ सुरू केला, साठा भरला आणि कंटाळून बंद केला की तो सगळा वाया. एकामागून एक व्हिडिओ चाळणाऱ्याचा डेटा कुठे जातो याचं बरंचसं उत्तर यात आहे. छोट्या व्हिडिओंची अ‍ॅप तर पुढचे काही व्हिडिओ तुम्ही बोट लावायच्या आधीच आणून ठेवतात.

मागे जाऊन पुन्हा पाहिलं तर डेटा लागतो का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. उत्तर अ‍ॅपवर अवलंबून आहे. एक्सोप्लेअरमध्ये दाखवून झालेला भाग सांभाळून ठेवण्याचा मूळ कालावधी शून्य आहे, म्हणजे अ‍ॅप बनवणाऱ्यानं मुद्दाम कॅशची, म्हणजे उतरलेले तुकडे जपून ठेवण्याची, सोय केली नसेल तर दहा सेकंद मागे गेलात तरी तेवढे सेकंद पुन्हा उतरवले जातात. लहान मुलांना तेच गाणं वीस वेळा दाखवणाऱ्या घरांनी म्हणूनच ते घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवावं. सर्व्हर कंपन्यांनी शहरोशहरी ठेवलेल्या कॅशचा इथे उपयोग नाही. त्यामुळे तुकडा जवळून आणि लवकर येतो, पण तुमच्या पॅकमधून तेवढेच बाइट वजा होतात.

दिवसाचा पॅक संपल्यावर अनेक योजनांमध्ये वेग ६४ किलोबिटवर येतो. ‘नेट चालू आहे, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज येतात, मग व्हिडिओ का नाही?’ असं तेव्हा हमखास ऐकू येतं. यादीतली सर्वांत खालची पायरी ३०० किलोबिटची आहे. तिचा चार सेकंदांचा तुकडा १२०० किलोबिटचा, आणि ६४ च्या वेगानं तो यायला जवळजवळ १९ सेकंद लागतात. चार सेकंद चित्र, पंधरा सेकंद गोल. त्याखाली उतरायला पायरीच नाही, त्यामुळे प्लेअर कितीही हुशार असला तरी त्याच्या हातात काही उरत नाही.