‘ग्लास फुटला’ आणि ‘मुलगा हसला’ यांतला लपलेला फरक

‘ग्लास फुटला’ आणि ‘मुलगा हसला’. शाळेच्या व्याकरणात दोन्ही क्रियापदं अकर्मक, एकाच रकान्यातली. पण मुलगा हसण्याची क्रिया स्वतः करतो, ग्लास मात्र काहीच करत नाही. त्याचं काहीतरी होतं. भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड पर्लमटर यांनी 1978 साली मांडलं की हा फरक केवळ अर्थाचा नाही, वाक्याच्या रचनेतही आहे. ‘फुटणे’चा कर्ता मुळात कर्माच्या जागेवरचा असतो आणि तिथून कर्त्याच्या जागी येतो. अशी क्रियापदं अनअक्युझेटिव्ह. ‘हसणे’चा कर्ता पहिल्यापासूनच कर्ता असतो, ती अनअर्गेटिव्ह.

मराठीत हे तपासायची सर्वांत चांगली खूण धातूतच सापडते. फुटणे–फोडणे, तुटणे–तोडणे, पडणे–पाडणे, गळणे–गाळणे: आतला स्वर बदलला की सकर्मक जोडी तयार होते. आता कर्त्याचं काय होतं ते पाहा. ‘ग्लास फुटला’चं ‘मी ग्लास फोडला’ होतं आणि कर्ता सरळ कर्म बनतो. ‘हसणे’ला अशी जोडी नाही, ‘हसवणे’ असा ‘व’ लावावा लागतो. मात्र ही कसोटी एकाच दिशेने चालते. सुकणे–सुकवणे, वितळणे–वितळवणे यांतही ‘व’ आहे, आणि तरी ही क्रियापदं ‘फुटणे’च्याच गटातली. म्हणजे स्वरबदल दिसला तर पुरावा मिळतो. ‘व’ दिसला तर त्यावरून काहीच ठरत नाही. ‘चरणे–चारणे’ फसवतं, पण तिथे गाय कर्म होत नाही: ‘गाईला गवत चारलं’ यात कर्म गवत आहे. शिवाय ‘गाय गवत चरते’ म्हणता येत असल्याने ‘चरणे’ मुळात अकर्मक नाहीच.

हिंदीत ‘गिरा हुआ पत्ता’ चालतं, ‘हँसा हुआ लड़का’ खटकतं. त्यावरून मराठीतही ‘-लेला’ लावून पाहण्याचा मोह होतो. तो टाळावा. मराठीत ‘परीक्षा दिलेला मुलगा’ सहज म्हणतात, म्हणजे ‘-लेला’ सकर्मक क्रियेच्या कर्त्यालाही चालतो. मग ‘काल नाचलेली मुलगी’ चाललं, तर त्यावरून काय सिद्ध होणार?

उलट दिशेची कसोटी म्हणजे सजातीय कर्म, म्हणजे क्रियापदाच्याच अर्थाचं नाम त्याचं कर्म म्हणून येणं. ‘वेडा नाच नाचला’, ‘गोड हसू हसली’ चालतं. ‘ग्लास मोठी फूट फुटला’ चालत नाही. इथे अडचण ‘मरणे’ची येते, कारण ‘तो सुखाचं मरण मेला’ म्हणता येतं आणि ‘मरणे–मारणे’ ही जोडी मात्र त्याला ‘फुटणे’च्या गटात टाकते. अशा वेळी कर्म बदलून पाहावं. ‘नाच’च्या जागी ‘तांडव’ ठेवलं तरी ‘तो तांडव नाचला’ टिकतं. ‘मरण’ काढून तिथे दुसरं कुठलंच नाम बसत नाही, पण ‘सुखाने मेला’ असं क्रियाविशेषण सहज बसतं. तिथलं ‘मरण’ खरं कर्म नाही, मरण्याची रीत सांगणारं आहे.