युरिक ॲसिड वाढलं म्हणून डाळ सोडण्याआधी
(रक्ततपासणीसाठी येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

रिपोर्टवर युरिक ॲसिडच्या आकड्यापुढे जाड ठसा दिसला की काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे आता डाळ बंद करायची ना?" घरी गेल्यावर आमटी बंद होते, मटकीची उसळ बंद होते, पिठलंही जातं. रविवारचं मटण मात्र तसंच राहतं, कारण "फोडी कमीच खातो, नुसता रस्सा घेतो" अशी समजूत असते. महिन्याने आकडा पुन्हा तेवढाच येतो आणि मशीनवर संशय येतो. दोष मशीनचा नसतो. सोडायचं ते धरून ठेवलेलं असतं आणि धरायचं ते सोडलेलं असतं.

प्युरिन म्हणजे काय

प्युरिन हे काही विष नव्हे. प्रत्येक पेशीच्या केंद्रात ते असतंच. वनस्पतीच्या, जनावराच्या, आपल्याही. आपल्या शरीरात रोज जुन्या पेशी मोडतात, त्यातून प्युरिन सुटतं आणि त्याचं शेवटी युरिक ॲसिड होतं. रक्तातलं साधारण दोन तृतीयांश युरिक ॲसिड असं घरचंच असतं, खाण्यातून येतं ते उरलेलं एक तृतीयांश. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे ते पुढे मोडणारं एक एन्झाइम असतं, माणसाकडे ते नाही. म्हणून आपल्याला ते मूत्रपिंडातून आणि थोडं आतड्यातून बाहेर टाकावं लागतं. ज्यांना गाउट, म्हणजे युरिक ॲसिडच्या खड्यांनी सांधा सुजण्याचा आजार होतो, त्यांच्यात बहुधा तयार होणं जास्त नसतं, बाहेर जाणं कमी पडतं.

शरीराच्या तापमानाला एका डेसिलिटर रक्तात साधारण ६.८ मिलिग्रॅमपर्यंत युरिक ॲसिड विरघळून राहतं. त्यावर गेलं की खडे धरायला जागा मिळते. पाक थंड झाला की भांड्याच्या कडेला साखर धरते, तसंच. पायाचा अंगठा हृदयापासून सर्वांत लांब आणि शरीराच्या मानाने गार. त्यामुळे पहिला झटका बहुतेकदा तिथेच येतो, तोही रात्री. पहाटेपर्यंत सांधा लाल आणि गरम होतो आणि पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही.

एका वाटीत किती असतं

आमटीच्या एका वाटीला कोरडी डाळ साधारण २५ ते ३० ग्रॅम लागते. तूर, मसूर, हरभरा, मूग यांच्या १०० ग्रॅम कोरड्या डाळीत प्युरिन ढोबळ मानाने ५० ते १०० मिलिग्रॅमच्या घरात असतं. म्हणजे एका वाटीत साधारण १५ ते ३० मिलिग्रॅम. दोन्ही वेळा आमटी घेतली तरी ६० च्या पुढे जात नाही.

आता काळीज घ्या. १०० ग्रॅम काळजात, मग बकऱ्याचं असो वा कोंबडीचं, साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम प्युरिन असतं. कारण सरळ आहे: अशा अवयवांत पेशी दाटीवाटीने भरलेल्या आणि सतत काम करणाऱ्या असतात. गुर्दाही त्याच पंगतीतला. साधं मटण त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा कमी, म्हणजे १०० ग्रॅमला साधारण १०० मिलिग्रॅम. सुका जवळा, तारली यांकडेही लक्ष असू द्या. मासळी सुकवली की पाणी जातं आणि प्युरिन राहतं, त्यामुळे मूठभर जवळाही वाटतो त्यापेक्षा जड पडतो.

आकड्यांपेक्षाही एक गोष्ट महत्त्वाची. अमेरिकेत ४७,००० हून अधिक पुरुषांची १२ वर्षं नोंद ठेवून केलेल्या अभ्यासात, २००४ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार, मांस आणि मासळी जास्त खाणाऱ्यांना गाउट जास्त झाला. पण प्युरिन असलेल्या भाज्या आणि कडधान्यं जास्त खाणाऱ्यांना तो जास्त झाला नाही. दूध-दही-ताक घेणाऱ्यांत तर धोका कमी आढळला. म्हणून ज्यांचं मूत्रपिंड नीट आहे त्यांना डाळ सोडायला सांगण्यासारखं कारण नाही. डाळ सोडून त्याऐवजी मांस वाढवलं तर ते उलटं पडतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना प्रथिनं आणि पोटॅशियमसाठी डाळीचं माप ठरवून दिलेलं असतं, ते युरिक ॲसिडच्या नावाखाली बदलू नका.

रस्सा सोडून फोडी? की फोडी सोडून रस्सा?

ही चूक आपल्याकडे सगळ्यांत जास्त दिसते. प्युरिन पाण्यात उतरतं. मटण उकळत ठेवलं की त्याचा बराच भाग फोडीतून अळणीत येतो. याच अळणीचा पुढे पांढरा रस्सा होतो. पथ्य म्हणून फोडी बाजूला ठेवून तीन वाट्या रस्सा पिणाऱ्याने नेमकं प्युरिनच उचललेलं असतं. खायचंच असेल तर ८० ते १०० ग्रॅम फोडी घ्या, रस्सा भाकरी बुडण्यापुरता, आणि काळीज-गुर्दा-मुंडी पूर्ण टाळा. काळीज उकडून पाणी ओतून टाकलं तर प्युरिन घटतं, पण उरतं तेही डाळीहून पुष्कळ जास्त असतं.

कटाच्या आमटीबद्दलही विचारणा असते, कारण पुरणाच्या डाळीचं पाणी त्यात जातं. त्यात डाळीतलं प्युरिन उतरतं हे खरं, पण मुळातच ते थोडं. सणाला वाटीभर कटाची आमटी खाण्यात काही बिघडत नाही.

बिअरचा वेगळा हिशोब

बिअरमध्ये १०० मिलीलिटरला प्युरिन थोडंच असतं, साधारण ५ मिलिग्रॅमच्या आसपास. ६५० मिलीची मोठी बाटली घेतली तरी ३० ते ४० मिलिग्रॅम. इतकंच पाहिलं तर बिअर डाळीच्या पंगतीत बसेल. पण ती तिथे बसत नाही, कारण तिच्यात दोन कामं एकदम होतात.

अल्कोहोल पचवताना यकृत शरीरातला ऊर्जेचा साठा झपाट्याने वापरतं आणि तो मोडून त्यातूनही युरिक ॲसिड तयार होतं. त्याच वेळी रक्तात लॅक्टिक ॲसिड वाढतं. मूत्रपिंड ते बाहेर टाकण्याच्या गडबडीत युरिक ॲसिड परत आत घेतं. म्हणजे आवक वाढते आणि जावक घटते. त्यात बिअरमधलं प्युरिन चटकन शोषलं जाणाऱ्या प्रकारचं असतं. त्याच अभ्यासात रोज साधारण ३५५ मिली बिअर घेणाऱ्यांत गाउटचा धोका सुमारे ४९ टक्क्यांनी वाढलेला दिसला, तर रोजच्या एका पेगमागे सुमारे १५ टक्के. "व्हिस्कीत प्युरिन नसतं" हे खरं, पण अल्कोहोल असतंच. बिनअल्कोहोलच्या बिअरमध्येही प्युरिन राहतं.

एक रविवार मोजून पाहू

समजा, खानापूरकडच्या एका गावात यात्रा आहे. पंचेचाळिशीतले गृहस्थ दुपारी १५० ग्रॅम मटण खातात, त्यात ५० ग्रॅम काळीज वेगळं, दोन वाट्या रस्सा आणि संध्याकाळी मित्रांबरोबर दोन मोठ्या बाटल्या बिअर. मटणाचे साधारण १५०, काळजाचे १०० ते १५०, बिअरचे ६० ते ८०, म्हणजे रस्सा धरला नाही तरी ३०० च्या वर; रस्सा धरला की ४०० जवळ करायला वेळ लागत नाही. जपानमधल्या तज्ज्ञांनी गाउटच्या रुग्णासाठी दिवसाची मर्यादा ४०० मिलिग्रॅम ठरवली आहे. त्यावर अल्कोहोलमुळे जावक घटली, दिवसभर उन्हात उभं राहिल्याने पाणी कमी पडलं. रात्री अडीचला अंगठा ठणकतो. सोमवारी ते म्हणतात, "काल सकाळी उसळ खाल्ली होती, तिनेच केलं." उसळीचे त्या दिवसात २०-२५ मिलिग्रॅम होते.

याच गृहस्थांचा आकडा ९.२ असेल तर पथ्याची मर्यादाही ऐकून ठेवा. कडक पथ्याने युरिक ॲसिड बहुधा १ मिलिग्रॅमच्या आसपासच उतरतं. ९.२ चं ८.२ होईल, पण खडे विरघळण्यासाठी ते ६ च्या खाली हवं. त्या वेळी गोळी लागते आणि ती कोणती, किती हे डॉक्टर ठरवतात. सुरू असलेली गोळी झटका आला म्हणून स्वतःहून बंद करू नका. त्याने आकडा वरखाली होतो आणि झटके जास्त दिवस टिकतात. पूर्ण उपासही उपयोगाचा नाही. पोट रिकामं राहिलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून निघणारी द्रव्यं मूत्रपिंडात तीच अडवणूक करतात. ताक, उपासाची भाकरी-भाजी आणि दिवसभर थोडं थोडं पाणी असलेली एकादशी चालेल, निर्जळी टाळा. थंड कोला आणि साखरेची सरबतंही मोजा. साखरेतला फ्रुक्टोजही युरिक ॲसिड वाढवतो.

नमुना देताना

झटका चालू असताना रक्त दिलं तर आकडा कधीकधी अगदी ठीक येतो. सूज असतानाच रक्तातलं युरिक ॲसिड तात्पुरतं घटतं, म्हणून "नॉर्मल आलं, मग गाउट नाही" असं समजू नका. दुखणं शमल्यावर २ ते ४ आठवड्यांनी पुन्हा द्या. उलटपक्षी, आकडा जास्त असूनही अनेकांना आयुष्यभर झटका येत नाही. त्यांना नुसत्या आकड्यासाठी औषध सहसा दिलं जात नाही.

पक्कं निदान हवं असेल तर सांध्यातलं पाणी काढून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे खडे दिसतात का ते पाहतात. ताप येऊन सांधा सुजला असेल, तर वाट पाहू नका, जंतुसंसर्गाची शक्यता असते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

नमुन्यासाठी उपाशी यायची गरज नाही, पण आदल्या दिवशी यात्रेचं जेवण किंवा दारू झाली असेल तर दोन-तीन दिवस थांबून या, म्हणजे तुमचा नेहमीचा आकडा मिळेल. काउंटरवर चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. रक्तदाबाच्या काही लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि हृदयासाठीची कमी मात्रेची ॲस्पिरिन युरिक ॲसिड वाढवतात. त्या कळल्या नाहीत तर त्याचाही दोष डाळीवर टाकला जातो.